‘देखभाल करणे’, ‘केली’ की ‘करतो’? अनुभवी इंजिनिअरचा मराठी बायोडेटा

चाकरमानी: नमस्कार मंडळी. साखर कारखान्यात यांत्रिकी विभागात सतरा वर्षं झाली. दुसऱ्या एका सहकारी कारखान्याने अर्ज मराठीत मागवलाय. सध्याच्या नोकरीच्या, म्हणजे २०१४ पासूनच्या, ओळी अशा झाल्यात. वाचताना अडखळायला होतं, पण नेमकं काय चुकतंय ते कळत नाही.

– बॉयलर व टर्बाइनची देखभाल करणे.
– २०१९ मध्ये मिलचे ओव्हरहॉलिंग केले.
– वाफेच्या वापरात बचत झाली.
– नवी नियंत्रण प्रणाली शिकलो.
– ४० कामगारांच्या पाळ्यांचे नियोजन करत आहे.

निळी शाई: पाच ओळी आणि क्रियापदाच्या पाच तऱ्हा, म्हणून अडखळायला होतं. ‘करणे’ हे कर्तव्य झालं. नोकरीच्या जाहिरातीत ते शोभतं, कारण ते काम अजून कुणी केलेलं नसतं. तुम्ही ते बारा हंगाम केलंय. ‘बचत झाली’ यात तुम्ही कुठे आहात? ती ऊस चांगला आला म्हणूनही झाली असेल. आधी ओळींचे दोन गट करा: काय संपलंय आणि काय अजून चालू आहे. नोकरी चालू असली तरी २०१९ चं ओव्हरहॉलिंग संपलेलंच आहे, ते भूतकाळातच राहील.

पंचगंगा: समांतर ओळी म्हणजे शेवट एकसारखा हवा. एकीत ‘केली’, दुसरीत ‘केला’, तिसरीत ‘केले’ हे डोळ्याला खटकतं. सगळीकडे ‘काम केले’ आणा: देखभालीचे काम केले, बचतीचे काम केले. प्रश्नच मिटला.

निळी शाई: एका सुराची अपेक्षा बरोबर आहे, पण तो सूर अक्षरांचा नाही. इंग्रजीत डिझाइन्ड, लेड, मॅनेज्ड असे शब्द ओळीच्या तोंडाशी येतात आणि कर्माप्रमाणे बदलत नाहीत. आपलं क्रियापद शेवटी येतं आणि भूतकाळात बहुतेक वेळा कर्माच्या मागे जातं. खर्च कमी केला, गळती थांबवली, पंप बसवले, दुरुस्त्या केल्या. शेवट चार, पण चारही ठिकाणी ‘मी’ न लिहिता करणारा तोच. ‘बचतीचे काम केले’ म्हटलं की बचत झाली की नाही तेच कळत नाही.

खरी मेख ‘शिकलो’मध्ये आहे. प्रणाली स्त्रीलिंगी असूनही ‘प्रणाली शिकली’ असं आपण स्वतःबद्दल म्हणत नाही. ‘शिकणे’ कर्त्याच्या मागे जातं, म्हणून इतर ओळींत न दिसणारा ‘मी’ इथे एकदम उभा राहतो. चाकरमानी, ती प्रणाली शिकून पुढे काय केलंत?

चाकरमानी: बॉयलरवर बसवली. ऑपरेटरना मीच तयार केलं.

निळी शाई: मग तेच लिहा. शिकणं त्यात आलंच.

अबोली: माझी अडचण वेगळी आहे. मी पंपांच्या डिझाइनमध्ये आहे. ‘केले’ लिहिलं की बाई की पुरुष ते कळत नाही, पण चालू कामाला ‘नियोजन करते’ लिहावंच लागतं. पहिल्याच ओळीत ते सांगायची माझी इच्छा नसते. म्हणून चालू कामं मी क्रियापदाशिवाय लिहिते: ‘सध्याची जबाबदारी: पंपांचे डिझाइन, चाचणी’.

निळी शाई: चालेल, फक्त मग चालू कामाच्या सगळ्या ओळी तशाच हव्यात. मला स्वतःला ‘करतो’, ‘करते’ जास्त जिवंत वाटतं. ‘करत आहे’ मात्र टाळा. त्यातून काम आत्ता हातात आहे असं वाटतं, दर हंगामाचं वाटत नाही.

जुना फिटर: एक विचारतो. ओव्हरहॉलिंग साहेबांनी ‘केलं’ का? रोलर उतरवले, बेअरिंगं बदलली ती आम्ही. ‘करून घेतले’ लिहा. मुलाखतीला बसलेला चीफ इंजिनिअर तेच विचारणार.

चाकरमानी: दादा, पटलं. हे बघा:

सध्या
– बॉयलर व टर्बाइनची देखभाल पाहतो.
– ४० कामगारांच्या पाळ्यांचे नियोजन करतो.

पूर्ण केलेली कामे
– २०१९ मध्ये मिलचे ओव्हरहॉलिंग करून घेतले.
– वाफेचा वापर उसाच्या ४८ टक्क्यांवरून ४४ टक्क्यांवर आणला.
– बॉयलरवर नवी नियंत्रण प्रणाली बसवली व ऑपरेटरना प्रशिक्षण दिले.

पंचगंगा: आता एका दमात वाचता येतं. पण ‘आणला’, ‘बसवली’ यांच्या शेजारी ‘करून घेतले’ मला अजून कमी वजनाचं वाटतं.

जुना फिटर: आमच्याकडे ज्याला करून घेता येतं, त्यालाच साहेब म्हणतात.

अबोली: आणि ‘पाहतो’? नुसतं बघत बसल्यासारखं नाही वाटत? मी ‘सांभाळतो’ लिहिलं असतं.