शब्दचर्चा : ‘मूलभूत संरचना’ की ‘मूळ चौकट’? आणि ‘दुरुस्ती’ कुठपर्यंत?

अमळनेरकर : केशवानंद भारती खटल्यावर वाचनालयासाठी टिपण लिहितोय. घटनेतलं जे संसदेला दुरुस्ती करूनही मोडता येत नाही, त्याला कुठे ‘मूलभूत संरचना’ म्हटलेलं दिसतं, कुठे ‘मूळ चौकट’, कुठे ‘गाभा’. घटनेत नेमका कोणता शब्द आहे?

जुना वकील, धुळे : तिन्हीपैकी एकही नाही. हा शब्द निकालातून आला, २४ एप्रिल १९७३ रोजी, तेरा न्यायाधीशांच्या पीठात ७ विरुद्ध ६ मतांनी. घटनेत शोधायचा तो अनुच्छेद ३६८ मधला ‘सुधारणा’ हा शब्द, ज्याला आपण दुरुस्ती म्हणतो. १९७१ च्या २४व्या घटनादुरुस्तीने तिथे लिहून टाकलं की संसद तरतुदीत भर घालू शकेल, फेरबदल करू शकेल, ती रद्दही करू शकेल. दिल्लीला वाटलं, आता वाद मिटला. पण त्या पीठातल्या न्या. खन्नांचा मुद्दा असा होता की दुरुस्ती झाल्यावर जुनी घटना आपली ओळख राखून उरली पाहिजे. एखादी तरतूद रद्द करणं वेगळं आणि घटनाच पुसून दुसरी आणणं वेगळं.

शिक्षिका, चोपडा : सोपं करून सांगते. गाभा म्हणजे मूलभूत हक्क. त्यांना संसद हात लावू शकत नाही.

जुना वकील, धुळे : ताई, हे १९६७ च्या गोलकनाथ निकालाचं झालं. केशवानंदने तेच उलटवलं. हक्कांच्या प्रकरणातही दुरुस्ती करता येते, फक्त मूळ रचना मोडता येत नाही. म्हणून तर १९७८ ची ४४वी दुरुस्ती मालमत्तेचा हक्क त्या प्रकरणातून काढू शकली.

केळीवाला, रावेर : मंग आमनं काय भो? आजोबांची जादा जमीन शहात्तरच्या सुमारास सिलिंगमध्ये, म्हणजे कमाल जमीन मर्यादेच्या कायद्यात, गेली. बागायत होती, वर्षभर पाण्याची, म्हणून मर्यादा १८ एकर धरली. कोरडवाहूवाल्यांना ५४ होती. मूलभूत संरचनेवर आता केस टाकता येईल का?

अमळनेरकर : दादा, इथं शब्दाची चर्चा चालू आहे.

जुना वकील, धुळे : असू द्या, त्यांचा प्रश्न बरोबर जागी आला आहे. महाराष्ट्राच्याच सिलिंग कायद्यावर वामनराव खटला झाला आणि १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाली काढला. मूळ कायदा १९६१ चा, तो १९६४ मध्येच नवव्या अनुसूचीत गेला. त्या अनुसूचीतल्या कायद्यावर मूलभूत हक्कांच्या नावाने बोट ठेवता येत नसे. मर्यादा खाली आणणाऱ्या १९७५ च्या सुधारणा मात्र १९७६ मध्ये अनुसूचीत घातल्या. न्यायालयाने केशवानंदची तारीखच रेघ धरली. २४ एप्रिल १९७३ पूर्वी जे अनुसूचीत गेलं ते पक्कं, कारण लोकांनी त्यावर विसंबून व्यवहार केले होते. त्यानंतर जे घातलं त्याची तपासणी होऊ शकते.

केळीवाला, रावेर : म्हणजे आमचं रेघेच्या अलीकडे! दार उघडं आहे.

जुना वकील, धुळे : दार उघडलं, पण आत दुसरी भिंत होती. जमीन सुधारणेच्या कायद्यांना अनुच्छेद ३१-क चं स्वतंत्र संरक्षण आहे, १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीपासून. मग प्रश्न उरला की ३१-क नेच मूळ रचना मोडते का? न्यायालय म्हणालं, नाही. जमिनीची विषमता कमी करण्याने रचना कमकुवत होत नाही, उलट बळकट होते. याचिका फेटाळल्या. तुमच्या आजोबांच्या क्षेत्राची मोजणी किंवा बागायतीची नोंद चुकली होती का, हा वेगळा वाद. त्याला मूलभूत संरचना लागत नाही, आणि इतक्या वर्षांनी तोही अवघडच.

शिक्षिका, चोपडा : म्हणजे वापरायची वेळ आली की गाभा पाहिजे तसा वळतो. निवडून आलेल्यांनी केलेलं न्यायाधीश मोडणार, आणि यादी त्यांच्याच खिशात!

जुना वकील, धुळे : यादी बंद नाही हे खरं. केशवानंदमध्येही न्यायाधीशांनी वेगवेगळ्या याद्या दिल्या. पण उलट बाजू पाहा. १९७५ च्या ३९व्या दुरुस्तीने पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर काढली, आणि अलाहाबाद उच्च न्यायालयाने रद्द ठरवलेली इंदिरा गांधींची निवडणूक घटनेतच वैध लिहून टाकली. तेव्हा हाच शब्द कामी आला. ते कलम टिकलं नाही. मात्र निवडणूक कायदाही मागील तारखेने बदलला होता, तो टिकला आणि खासदारकी वाचली.

शिक्षिका, चोपडा : मग दुरुस्ती पडली आणि साधा कायदा तरला? माझं मत बदलत नाही.

अमळनेरकर : टिपणात ‘मूलभूत संरचना’ ठेवतोय, ‘गाभा’ नको. गाभा म्हटलं की वाचणारा कलमांची यादी मागतो.

केळीवाला, रावेर : वकीलसाहेब, ती बागायतीची नोंद बघायला तहसीलला जाऊ की तलाठ्याकडे?

जुना वकील, धुळे : आधी तलाठ्याकडून जुना सातबारा आणि फेरफार काढा. सिलिंगच्या आदेशाची नक्कल तहसीलला मागा.