मृतदेह नाही, मग पंतप्रधान होल्ट कायद्याने 'मृत' कधी ठरले?

पंचवटीकर: ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान हॅरल्ड होल्ट १७ डिसेंबर १९६७ ला पोहायला गेले ते परतलेच नाहीत. त्यांना कायद्याने मृत कधी ठरवलं आणि कशावरून?

सातपूरवाला: दोनच दिवसांत. १९ डिसेंबरला मॅकइवेन यांनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. आधीच्याला मृत मानल्याशिवाय नवा कसा नेमणार?

कोर्टातला माणूस: शपथेची तारीख बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला अर्थ चुकला. गव्हर्नर-जनरलनी होल्ट यांची नेमणूक संपवली, एवढंच. त्यासाठी मृत्यू सिद्ध व्हावा लागत नाही. मृत्यूवर निष्कर्ष आला सप्टेंबर २००५ मध्ये, व्हिक्टोरिया राज्याच्या कॉरोनरकडून, म्हणजे मृत्यूचं कारण तपासणाऱ्या अधिकाऱ्याकडून: १७ डिसेंबर १९६७ ला अपघाताने बुडून मृत्यू.
उशीर झाला कारण तिथल्या जुन्या कायद्यात मृतदेहाशिवाय कॉरोनरची चौकशीच होत नसे. १९८५ च्या कायद्याने ती अट गेली. २००३ मध्ये पोलिसांनी मृतदेह न सापडलेली बुडण्याची जुनी प्रकरणं उघडली, त्यात हेही आलं. पुरावा मुख्यतः १९६८ च्या पोलीस अहवालातलाच होता. शेविअट किनाऱ्यावर त्या दिवशी समुद्र खवळलेला होता, आणि सोबतच्यांनी त्यांना ओढीबरोबर आत जाताना पाहिलं होतं. नौदलाच्या डायव्हरनाही काही सापडलं नाही.

गंगाघाट: माझे मामा २००३ च्या कुंभमेळ्यात रामकुंडाजवळून हरवले. पोलिसांत मिसिंगची नोंद आहे. सात वर्षं झाली की आपोआप मृत धरतात ना? विमा कंपनी म्हणते, हप्ते थांबले तेव्हाच पॉलिसी बंद पडली.

कोर्टातला माणूस: आपोआप नाही हो. सात वर्षं ज्यांना खबर लागायला हवी होती त्यांना लागली नाही, तर न्यायालय 'आता ते हयात नाहीत' असं गृहीत धरतं. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम १०८, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं १११. पण त्यातून मृत्यूची तारीख मिळत नाही. २००४ च्या अनुराधा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. मामा हरवले त्याच दिवशी गेले, हे वेगळं सिद्ध करावं लागेल. घाटावर त्यांना पाण्यात उतरताना पाहिलेलं कोणी आहे का?

गंगाघाट: एक फुलवाली होती. तिचा जबाब घेतलाच नाही कोणी.

कोर्टातला माणूस: ती हयात असेल तर आधी तिला शोधा.

सातपूरवाला: शपथेचं मी मागे घेतो. पण सगळ्या जगाला माहीत असलेलं अडतीस वर्षांनी लिहून मिळालं काय? कुटुंबाला पुन्हा तेच उगाळावं लागलं.

पंचवटीकर: मला नाही पटत. मधल्या काळात चिनी पाणबुडीने त्यांना नेल्याच्या कथा पुस्तकात छापून आल्या. १९६८ लाच चौकशी झाली असती, तर साक्षीदारांच्या आठवणी ताज्या होत्या.

सातपूरवाला: अशा कथा निकालानंतरही सांगतातच की लोक.