ट्रेनिंगला आधी कोण: ज्याचा गॅप मोठा तो, की जिथे काम अडतंय तो?

कुपवाड_सुपरवायझर:
आमचं कुपवाड एमआयडीसीत छोटं मशीनशॉप आहे, सीएनसी लेथ, दोन शिफ्ट. कस्टमर ऑडिट आहे म्हणून स्किल मॅट्रिक्स केलं. ० म्हणजे येत नाही, १ शिकतोय, २ नजरेखाली करतो, ३ एकटा करतो, ४ दुसऱ्याला शिकवतो. प्रत्येक घरात आधी हवी ती लेव्हल, मग आजची.

| | ड्रॉइंग वाचन | सेटिंग | ऑफसेट | बोअर मोजणं | गॅपची बेरीज |
|---|---|---|---|---|---|
| दत्ता, सेटर | ३/३ | ४/४ | ४/४ | ३/३ | ० |
| संतोष, ऑपरेटर, दुसरी शिफ्ट | ३/२ | ३/१ | ३/२ | ३/३ | ४ |
| राहुल, नवीन | २/० | १/० | २/० | २/१ | ६ |
| काका, इन्स्पेक्शन | ३/४ | १/२ | १/३ | ४/२ | −२ |

बेरजेप्रमाणे राहुल पहिला, काका शेवटी. मालकांनाही तेच पटलंय. मला मात्र हा क्रम खटकतो. तुमचं मत काय?

एचआर_मॅडम_सातारा:
क्रम माणसांचाच लागणार, कारण ट्रेनिंगला माणूस पाठवायचा असतो, रकाना नाही. तुमची चूक एवढीच, की सगळी स्किल्स तुम्ही एका भावाने मोजलीत. वजन द्या. ड्रॉइंगला १, ऑफसेटला २, सेटिंग आणि मोजणीला ३. गॅपला वजनाने गुणा, मग बेरीज करा. आम्ही असंच करतो आणि ऑडिटरने कधी हरकत घेतलेली नाही.

जुना_सेटर:
मॅडम, तुमच्याच वजनांनी करून बघितलं. राहुल १२, संतोष ९. राहुल पहिलाच राहिला. नवीन पोराला सगळ्याच रकान्यांत थोडं थोडं कमी असतं, त्यामुळे माणसागणिक बेरीज केली की तो बहुतेक वरच येणार. अशी वजनं दिली तरी शीट एवढंच सांगणार की नवीन माणूस नवीन आहे. त्यासाठी मॅट्रिक्स कशाला हवं?

त्याआधी काकांचं बघा. त्यांच्या ओळीत −१, −१, −२ आणि मग +२ आहे. म्हणजे ड्रॉइंग आणि ऑफसेट जास्त येतं म्हणून बोअर मोजण्यातली कमतरता झाकली गेली. पण त्यांचं कामच बोअर मोजायचं आहे! त्यांना ऑफसेट येतो म्हणून चुकीचं मोजलेलं बोअर बरोबर होत नाही. जास्तीच्या लेव्हलला शून्य धरा. एक्सेलमध्ये असं करा, हवी लेव्हल दुसऱ्या ओळीत आणि आजची तिसऱ्या ओळीत असेल तर:

```
=SUMPRODUCT((B2:E2>B3:E3)*(B2:E2-B3:E3))
```

काका −२ वरून +२ वर येतील. ती जास्तीची लेव्हल मात्र पुसू नका. ड्रॉइंगमध्ये काका ४ आहेत, म्हणजे राहुलला ड्रॉइंग शिकवणारा माणूस तुमच्या घरातच आहे.

आता खरा मुद्दा. क्रम माणसांचा लावू नका, घरांचा लावा. प्रत्येक घर वेगळं: गॅप गुणिले वजन. संतोषचं सेटिंग ६, काकांची मोजणी ६, राहुलचा ऑफसेट ४, बाकी सगळी ३ किंवा त्याखाली. आता वरच्या दोघांत आधी कोण? तिथे रकाना उभा वाचायचा. ते काम एकट्याने करणारे, म्हणजे ३ किंवा वर, किती आहेत? बोअर मोजणीत दत्ता आणि संतोष, दोघे. सेटिंगमध्ये एकटा दत्ता. दत्ता गावी गेला, आजारी पडला किंवा सोडून गेला की दुसऱ्याच काय, पहिल्या शिफ्टलाही जॉब बदलता येणार नाही. म्हणून संतोषचं सेटिंग पहिलं.

वर्कशॉप_मालक:
जुना_सेटर, बोलायला सोपं आहे. आम्ही पोराला सेटर करतो आणि सहा महिन्यांत तो शिरोलीला नाहीतर पुण्याला जातो. माझ्याकडे असे किती आले आणि गेले. संतोषवर खर्च करायचा तो दुसऱ्याच्या कारखान्यासाठी.

दुसरं, राहुल. त्याने उलट चिन्ह टाकून टूल जॉबमध्ये घातलं, तर टरेटची अलाइनमेंट जाते आणि मशीन सर्व्हिस इंजिनिअरची वाट बघत उभी राहते. ती माझ्या दृष्टीने पहिली रिस्क. राहुलला आधी शिकवलं तर महिन्याभरात फरक दिसतो. माझं मत राहुललाच.

जुना_सेटर:
राहुलचा ऑफसेट महत्त्वाचा आहे, कबूल. पण त्याला क्लास लागत नाही, नियम लागतो: ऑफसेटला तो हात लावणार नाही, दत्ताला नाहीतर काकांना हाक मारणार. हा नियम आजपासून फुकट लागू होतो. सेटरच्या जागी असा नियम लावताच येत नाही, कारण हाक मारायला माणूसच नाही.

आणि ऑफसेटमध्ये राहुलची लेव्हल वाढवायची असेल तर तपासणी अशी. बोअर ०.०३ मोठं आलं. त्याने वेअर ऑफसेटच्या X मध्ये −०.०३ टाकायला हवं. निम्मं करून −०.०१५ टाकलं तर तो डायमीटर आणि रेडियसमध्ये घोळ घालतोय. +०.०३ टाकलं तर पुढचा जॉब ०.०६ मोठा येईल, आणि मोठं झालेलं बोअर लहान करता येत नाही, तो तुकडा भंगारात. आधी वहीत आकडा लिहून दाखवायला सांगायचं, मशीनवर नंतर. वहीत सलग बरोबर आलं, नंतर दत्तासमोर मशीनवर आलं, तर २ द्या. "आता जमतंय त्याला" एवढ्यावर नाही.

सोडून जाण्याचं तुमचं दुःख खरं आहे. पण मग उत्तर पगारात आहे, मॅट्रिक्समध्ये नाही. दत्ता तरी बांधलेला आहे का?

वर्कशॉप_मालक:
पगाराचं तुम्ही बोलू नका, रेट कस्टमर ठरवतो.

मिरजेची_सिस्टर:
माझं क्षेत्र वेगळं आहे, तरी लिहिते. मी मिरजेत आयसीयूची इन-चार्ज आहे. आमच्याकडेही असाच तक्ता असतो, व्हेंटिलेटर, सिरिंज पंप, डिफिब्रिलेटर असे रकाने. मला तुमच्या तक्त्यात तारीख दिसत नाही. आमच्याकडे एका स्टाफला व्हेंटिलेटरमध्ये ३ होते. ट्रेनिंग झालेलं, सर्टिफिकेट फाइलमध्ये. पण त्यानंतर तिची ड्यूटी बराच काळ जनरल वॉर्डला होती. परत आली तेव्हा अलार्म वाजला की ती आधी आवाज बंद करायची आणि मग पेशंटकडे बघायची. कागदावर गॅप शून्य. आता आम्ही प्रत्येक आकड्याशेजारी ते काम शेवटचं कधी केलं ते लिहितो. जुनं झालं की आकडा आपोआप खाली.

तुमच्या काकांना सेटिंगमध्ये २ दिलेत. त्यांनी मशीन शेवटचं कधी सेट केलं?

तानाजी_पलूस:
मला यात वेगळाच वास येतोय. काकांना मोजणीत २ देऊन घरी बसवायचा डाव आहे का? आयुष्य घातलं माणसाने कंपनीत आणि आता ऑडिटसाठी भिंतीवर त्यांचे मार्क लावणार? आमच्याकडे असा कागद लागला आणि इन्क्रिमेंट त्यावरूनच ठरली.

कुपवाड_सुपरवायझर:
तानाजीभाऊ, तसं काही नाही हो. काकांनीच मला व्हर्निअर धरायला शिकवलं. पण एक खरं, ते २ मी दिलेले नाहीत. माझ्या आधीच्या सुपरवायझरने दिले, आणि का दिले ते कुठेही लिहिलेलं नाही. सिस्टर, काकांनी सेटिंग शेवटचं कधी केलं हे मला आठवतही नाही, म्हणजे उत्तर मिळालंच.

एचआर_मॅडम_सातारा:
तानाजींचा प्रश्न चुकीचा नाही. मॅट्रिक्स इन्क्रिमेंटला जोडलं की महिन्यात सगळे ४ होतात, हे मी बघितलंय. स्वतःला मार्क द्यायला सांगितलं तर नवीन पोरं जास्त देतात आणि जाणते कमी. म्हणून आमच्याकडे पगाराचा कागद वेगळा आहे. आयएसओ ९००१:२०१५ च्या ७.२ मध्ये मॅट्रिक्स हा शब्दसुद्धा नाही. लागणारी क्षमता ठरवा, कमी असेल तर उपाय करा, उपायाचा उपयोग झाला का बघा आणि पुरावा ठेवा, एवढंच. उपयोग झाला का, इथेच बहुतेक शीट लंगडं असतं. हजेरीपट लावतात आणि आकडा २ चा ३ करतात.

घरांचा क्रम लावायचा हे मला पटलं. पण तेवढंच. ट्रेनिंग कॅलेंडर शेवटी नावानेच करावं लागतं.

जुना_सेटर:
काकांचं २ खरं की खोटं हे आधी तपासा, कारण त्यावरच दोन ६ ची लढत आहे. दहा जॉब घ्या, बोअर थोडं थोडं वेगळं असलेले. नंबर मागच्या बाजूला, त्यांना दिसू नयेत. काका, दत्ता आणि संतोष तिघांनी तेच बोअर गेजने मोजायचे, क्रम बदलून परत एकदा मोजायचे. एकाच माणसाचे एकाच जॉबचे दोन आकडे जुळत नसतील तर हात चुकतोय: गेज झुलवून सगळ्यात लहान आकडा पकडत नाहीत, किंवा काटा नीट दिसत नाही. काकांचे स्वतःचे आकडे जुळतात पण बाकी दोघांपेक्षा सगळे एकाच अंतराने सरकलेले आहेत, तर हात बरोबर आहे आणि झिरो चुकीचा लावलाय. मास्टर रिंगवर झिरो करायची सवय लावली की झालं. तिघांचेही आकडे इकडेतिकडे असतील तर गेजच बघा, माणसाला मार्क देऊ नका.

हात चुकत असेल तर सराव लागेल, चष्मा लागत असेल तर चष्मा द्या. चष्म्याला ट्रेनिंग म्हणून कॅलेंडरमध्ये घालू नका म्हणजे झालं.

मिरजेची_सिस्टर:
ते २ खरं निघालं तर मी काकांना पहिलं धरीन. सेटर नसेल तर मशीन बंद राहील, तोटा होईल, पण कळेल. मोजणारा चुकला तर माल गेटबाहेर जाईल आणि कुणाला कळणारच नाही. न कळणारी चूक आधी.

जुना_सेटर:
ताई, बोअर संतोष मशीनवर मोजतो आणि त्याला ३ आहेत. एक चाळणी आधीच आहे.

मिरजेची_सिस्टर:
ते ३ कुणी दिले? त्याच आधीच्या सुपरवायझरने ना?

कुपवाड_सुपरवायझर:
हो, त्यांनीच. दहा जॉब वेगळे काढून ठेवलेत, रविवारी मशीन बंद असते तेव्हा तिघांकडून मोजून घेतो. काका म्हणाले, "मला नको, पोरांना आधी मोजू दे, मग बघतो."

संतोषचं असं ठरलंय की जॉ बोअर करणं, टूल टच करणं आणि सिंगल ब्लॉकवर पहिला जॉब, हे दत्तासमोर तो करणार. तीन वेगवेगळे जॉब चेंज आणि पहिला पीस ओके आला की ३. त्यासाठी जॉब चेंजच्या वेळी दत्ता संतोषच्या शिफ्टला थांबला पाहिजे, आणि त्याचा ओव्हरटाइम द्यायला मालक अजून तयार नाहीत.

वर्कशॉप_मालक:
मीही दिला नसता. दोन्ही शिफ्ट जुळतात तो अर्धा तास वापरा.

जुना_सेटर:
अर्ध्या तासात जॉ बोअर करून पहिला पीस? तुमच्या कारखान्यात होत असेल.