मदत हवी आहे : प्रमाण अरबीतील उपाहारगृहाचा संवाद, विनंतीची रूपे आणि 'तीन कप चहा'

नवशिकी_पुणे

नमस्कार. मी अरबीच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमाला आहे आणि तोंडी परीक्षेत आम्हा दोघींना उपाहारगृहातील संवाद सादर करायचा आहे. प्रसंग अम्मानमधील आहे, मी ग्राहक आहे आणि मैत्रीण वाढपी, म्हणजे 'नादिला' आहे. भाषा फुसहा, म्हणजे प्रमाण अरबीच हवी, बोलीतील रूपे चालणार नाहीत, असे परीक्षकांनी स्पष्ट सांगितले आहे. सध्याचा मसुदा असा आहे :

नादिला : अहलन व सहलन. तफद्दल, हाज़िही काइमतुत्-तआम.
मी : शुक्रन. उरीदु हसाअल-अदस व दजाजन मश्विय्यन.
नादिला : व माज़ा तश्रब?
मी : थलाथ अकवाब मिनश्-शाय.
मी (जेवणानंतर) : अल्-हिसाब, मिन फद्लिक.

मसुराचे सूप, भाजलेले कोंबडीचे मांस, तीन कप चहा आणि शेवटी बिल, एवढेच यात आहे. माझे प्रश्न असे आहेत : 'उरीदु' म्हणजे 'मला हवे आहे' हे थेट मागणे उद्धट वाटते का? चहाची संख्या बरोबर आहे का? आणि बोलताना शब्दांच्या शेवटचे स्वर कितपत उच्चारावेत?

दुबईकर_जुना

दुबईत एवढी चिंता करण्याचे कारण नाही. तिथल्या बहुतेक हॉटेलांत वाढपी केरळचे किंवा नेपाळचे असतात आणि हिंदीत मागितले तरी सगळे मिळते. अरबी येत नाही म्हणून मी कधी उपाशी राहिलेलो नाही.

नवशिकी_पुणे

धन्यवाद, पण मला हॉटेलात जेवायचे नसून परीक्षा द्यायची आहे, त्यामुळे हिंदीचा आधार घेता येणार नाही.

शब्दवेल्हाळ

माझ्या मते शेवटचे सगळे स्वर सरसकट गाळावेत. वृत्तवाचक सोडले तर कोणीही ते पूर्ण उच्चारत नाही. 'उरीदु' ऐवजी 'उरीद', 'मश्विय्यन' ऐवजी 'मश्वी' म्हणावे. संख्येचे सांगायचे तर ती नामाच्या लिंगाप्रमाणे चालते. 'कूब' पुल्लिंगी आहे, म्हणून संख्याही पुल्लिंगी, म्हणजे 'थलाथ'. तुमचा मसुदा बरोबर आहे.

काहिरा_ते_कोल्हापूर

शब्दवेल्हाळ यांची पहिली सूचना निम्मी बरोबर आहे, दुसरी मात्र नेमकी उलटी आहे. तीन ते दहा या संख्यांचे लिंग मोजल्या जाणाऱ्या नामाच्या विरुद्ध असते. 'कूब' पुल्लिंगी असल्याने संख्येला स्त्रीलिंगी 'ता' लागतो आणि 'थलाथत अकवाब' असे म्हणावे लागते. बाटली, म्हणजे 'ज़ुजाजा', स्त्रीलिंगी आहे, म्हणून तिथे 'थलाथ ज़ुजाजात'. विद्यार्थ्यांचा घोळ बहुतेकदा अनेकवचनामुळे होतो. निर्जीव वस्तूंच्या अनेकवचनाला विशेषण स्त्रीलिंगी एकवचनी लागते, म्हणून 'मोठे कप' याला 'अकवाब कबीरा' म्हणतात आणि मग संख्येसाठीही 'अकवाब' स्त्रीलिंगीच धरला जातो. संख्या ठरवताना अनेकवचनाकडे न पाहता एकवचनी 'कूब' कोणत्या लिंगाचा आहे, तेवढेच पाहायचे. दोन कप हवे असते तर संख्येचा शब्दच लागला नसता. 'कूबैन मिनश्-शाय' एवढ्यात द्विवचन येते.

आता स्वरांचे. वाक्याच्या किंवा विरामाच्या शेवटी ऱ्हस्व स्वर गाळणे फुसहातही नियमाला धरून आहे. पण 'थलाथत' मधला 'त' किंवा 'कूबैन' मधला 'ऐन' हे शेवटचे स्वर नव्हेत, ती त्या रूपाची ओळख आहे, म्हणून ती गाळता येत नाहीत. 'मश्विय्यन' विरामापूर्वी नियमाने 'मश्विय्या' होते. 'शुक्रन' चा मात्र शेवट नियम काहीही म्हणो, बोलताना सगळे पूर्णच उच्चारतात.

तुमच्या मसुद्यातली मला जास्त खटकलेली गोष्ट वेगळी आहे. ग्राहक तुम्ही, म्हणजे स्त्री आहात, तरी वाढपीण तुम्हाला 'तफद्दल' आणि 'तश्रब' म्हणते, ही पुरुषाशी बोलण्याची रूपे झाली. तिने 'तफद्दली' आणि 'माज़ा तश्रबीन' म्हणायला हवे. परीक्षक याच ठिकाणी गुण कापतात.

नवशिकी_पुणे

हे फार उपयोगी आहे. मग 'मिन फद्लिक' मैत्रिणीला उद्देशून बरोबर आहे ना? आमच्या वर्गातील एकजण पुरुषाला 'मिन फद्लक' म्हणतो.

काहिरा_ते_कोल्हापूर

तो बोलीचा प्रभाव आहे. पूर्ण उच्चारात पुरुषाला 'फद्लिक' च्या शेवटी 'अ', म्हणजे 'फद्लिका', आणि स्त्रीला 'फद्लिकि' होते. शेवटचा स्वर गाळला की दोघांनाही 'मिन फद्लिक' उरते. पुरुषासाठी 'फद्लक' ही बोलीची सवय आहे, फुसहाची नव्हे.

'उरीदु' उद्धट नाही, त्याला 'मिन फद्लिक' जोडले की ते पुरेसे सभ्य ठरते. पण दहा ओळींच्या संवादात एकच क्रियापद चार वेळा आले तर कंटाळा येतो, म्हणून एकदा तरी 'अवद्दु अन अत्लुब', म्हणजे 'मला मागवायला आवडेल', असे वापरावे. वाढपिणीला हाक मारताना 'या नादिला' असे म्हणू नका, ते नाटकी वाटते. 'लौ समहति' म्हणावे, म्हणजे 'आपण परवानगी दिलीत तर'. आणि पाणी मागताना : 'हल युम्किनुकि अन तुह्दिरी ली कूब माअ?' इथे 'युम्किनुकि' आणि 'तुह्दिरी' ही दोन्ही रूपे स्त्रीसाठी आहेत. वाढपी पुरुष असता तर 'युम्किनुका अन तुह्दिर' झाले असते. एका रूपात स्त्री आणि दुसऱ्यात पुरुष, ही चूक वाढप्याची भूमिका आयत्या वेळी बदलली की हमखास होते.

शाकाहारी_मस्कत

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण पदार्थांच्या यादीशी जोडलेला आहे. मी नवऱ्याच्या नोकरीमुळे मस्कतला राहते आणि 'अना नबातिय्या', म्हणजे मी शाकाहारी आहे, असे सांगते. तरी मसुराच्या सुपात कोंबडीचा रस्सा निघतो. नुसते 'बिदून लह्म' सांगितले तर कोंबडी चालते असे समजतात, कारण 'लह्म' म्हटले की त्यांच्या डोळ्यांसमोर बोकडाचे किंवा गाईचे मांस येते. आता मी 'ला आकुलुल-लह्म व लद्-दजाज व लस्-समक' असे तिन्ही सांगते आणि सुपाबद्दल 'हल फीही मरक दजाज?' असे वेगळे विचारते. परीक्षेत हे घातले तर संवाद अधिक खरा वाटेल, असे मला वाटते.

काहिरा_ते_कोल्हापूर

वाक्याची रचना जवळपास बरोबर आहे, पण पुढच्या दोन्ही नामांआधी नुसते 'व' पुरत नाही, नकाराची पुनरावृत्ती हवी : 'ला आकुलुल-लह्म व ला अद्-दजाज व ला अस्-समक', जे जोडून उच्चारताना 'वलद्-दजाज, वलस्-समक' असे ऐकू येते. कदाचित तुम्ही तेच म्हणत असाल आणि देवनागरीत तसे उतरले असेल.

शब्दवेल्हाळ

संख्येबाबतची दुरुस्ती मान्य आहे. मात्र 'हसा' हा शब्द कोणी बोलताना वापरते का? सर्वत्र 'शोरबा' ऐकू येते, मग फुसहात 'शोरबतुल-अदस' चालू नये का?

काहिरा_ते_कोल्हापूर

चालायला हवे असे माझे मत आहे, कारण तो शब्द शब्दकोशांतही आहे आणि मेन्यूकार्डांवरही असतो. काही शिक्षक मात्र 'हसा' शिवाय दुसरे काही ऐकून घेत नाहीत. हे परीक्षकांनाच विचारलेले बरे.

नवशिकी_पुणे

विचारते. सुधारलेला मसुदा असा आहे :

नादिला : अहलन व सहलन. तफद्दली, हाज़िही काइमतुत्-तआम.
मी : शुक्रन. अवद्दु अन अत्लुब हसाअल-अदस. हल फीही मरक दजाज?
नादिला : ला, हुव नबाती. व माज़ा तश्रबीन?
मी : थलाथत अकवाब मिनश्-शाय, मिन फद्लिक.
मी : लौ समहति, अल्-हिसाब.

भाजलेली कोंबडी वगळली आहे, कारण रश्श्याबद्दल विचारून पुढे तीच मागवणे हास्यास्पद झाले असते. बिलासाठी 'हिसाब' ठेवू की 'फातूरा' घेऊ, एवढेच ठरायचे आहे.