अनुभव धागा: डिक्शनरी न उघडता अग्रलेख वाचताना शब्द कसे पकडता?

रानवारा: इंग्रजी पेपरातले अग्रलेख नेमाने वाचायचे पण अडलेल्या प्रत्येक शब्दाला डिक्शनरी उघडायची नाही, असं कोणी करतंय का? माझं होतं काय, शब्द शोधत बसलं की चौथ्या पॅराला येईस्तोवर लेखकाचं म्हणणंच डोक्यातून निघून जातं, आणि नाही शोधलं तर नुसते डोळे फिरवतेय असं वाटतं. कुठला शब्द सोडता, कुठला नाही, आणि अंदाज बरोबर आलाय हे कशावरून कळतं? सविस्तर लिहा प्लीज.

अभय_वाचतोय: मी डिक्शनरी बंदच केलीय. संदर्भावरून सगळं कळतं, लहान मुलं पण तशीच शिकतात की. तोच शब्द पुन्हा पुन्हा भेटला की आपोआप डोक्यात बसतो.

तळटीप: अभय, पुन्हा पुन्हा भेटला की बसतो हे खरंय, पण सगळं संदर्भावरून कळतं हे नाही पटत. लहान मुलासमोर वस्तू असते, बोलणारा माणूस असतो, अग्रलेखात नुसते शब्दच असतात. शब्दसंग्रहावर काम करणारे पॉल नेशन वगैरे अभ्यासक सांगतात की आधार न घेता नीट समजायचं तर 100 पैकी 98 शब्द ओळखीचे लागतात. म्हणजे 600 शब्दांच्या लेखात साधारण 12 अनोळखी चालतील. रानवारा, आधी एका पॅरात पेन्सिलीने खुणा करून बघ. प्रत्येक ओळीत खूण पडत असेल तर अंदाजाला धरायला काही उरतच नाही, मग अग्रलेखाआधी साध्या बातम्या वाचलेल्या बऱ्या.

आता अंदाज कसा काढायचा ते. समजा वाक्य आहे, ‘द मिनिस्ट्रीज क्लेम दॅट जॉब्ज आर प्लेंटिफुल इज बिलाइड बाय इट्स ओन फिगर्स.’ इथे अडतं ते ‘बिलाइड’ला. बरेच जण तो ‘बिलीव्ह’सारखा दिसतो म्हणून आकडे दाव्याला दुजोरा देतात असं धरून पुढे जातात. पण पुढचंच वाक्य म्हणतं की बेरोजगारी वाढलीय. जुळतंय का? नाही. शिवाय ‘इट्स ओन’वर जोर आहे, म्हणजे मंत्रालयाचेच आकडे त्याच्यावर उलटलेत. म्हणजे अर्थ निघतो ‘खोटा पाडला’. मी अंदाज समासात पेन्सिलीने लिहितो, पुढची दोन वाक्यं वाचतो आणि अर्थ तिथे बसवून बघतो. पुढचं वाक्य विनाकारण उलटं वाटायला लागलं की समजायचं अंदाज चुकला. मुद्दा ज्या शब्दावर फिरतो तेवढेच एक-दोन शब्द लेख संपल्यावर डिक्शनरीत बघायचे. नुसतं वर्णन करणारं विशेषण असेल तर खुशाल सोडायचं.

कस्तुरी: माझी केस उलटी आहे. शिक्षण इंग्रजीतून झालं त्यामुळे मी मराठी अग्रलेख वाचते आणि ‘अनुषंगाने’, ‘पायंडा’, ‘सोयीस्कर मौन’ असल्या ठिकाणी अडते. विशेषतः टोमणा कळत नाही, शब्द सगळे येत असतात पण लेखक स्तुती करतोय की चिमटा काढतोय तेच समजत नाही. यावर काही उपाय आहे का कोणाकडे?

मधुरा: कस्तुरी, पहिला आणि शेवटचा पॅरा आधी वाचून बघ. लेखक कोणाच्या बाजूने आहे हे बहुतेक वेळा तिथे कळतं, मग मधला चिमटा दिसायला लागतो.

रानवारा, मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो एकच विषय धरून वाचण्याचा. व्याजदराचा निर्णय आला की दोन-तीन पेपरांचे त्यावरचे अग्रलेख लागोपाठ वाचते. ‘हॉकिश’ हा शब्द कधी महागाईच्या चिंतेशेजारी येतो, कधी दर वाढवण्याशेजारी, आणि पलीकडे ‘डोविश’ दर कमी करण्याच्या बाजूने उभा असतो, त्यामुळे दोन्ही एकमेकांच्या आधाराने उलगडतात. रोज नवा विषय घेतला तर शब्द परत भेटेपर्यंत विसरलेला असतो.

दिगंत: मला ओळखीच्या शब्दांची जास्त भीती वाटते. ‘सँक्शन’ म्हणजे मंजुरी हे पक्कं माहीत असतं, म्हणून तिथे कोणी थांबतच नाही आणि परराष्ट्र धोरणावरच्या लेखात ‘सँक्शन्स’ म्हणजे निर्बंध असतात. तिथे तळटीप यांची पुढच्या वाक्याची पद्धत चालते, पण मुळात शंका तर यायला हवी ना!

रानवारा: पेन्सिल आणि एक विषय, दोन्ही सुरू करते. अजून एक, शब्द वाचताना ओळखू येतो पण लिहिताना सुचत नाही, त्याचं काय?

अभय_वाचतोय: वाचन वाढलं की लिहिताना पण येईल.

तळटीप: मला नाही वाटत तसं. लेख मिटून त्यातला मुद्दा आपल्या चार वाक्यांत तोच शब्द वापरून लिहिला तरच माझ्या हाताला शब्द लागतो. इतरांचं कसं होतं?

मधुरा: मी मोठ्याने बोलून बघते, लिहीत नाही. ‘हॉकिश’ आता बोलण्यात येतो, ‘बिलाइड’ अजून नाही.