वारीवरचा निबंध: प्रत्येक पॅऱ्यात दावा-पुरावा-विश्लेषण पाहिजेच का?

चैत्राली_सध्या_इंग्लंड
मी इथे पहिल्या वर्षाला आहे, धर्म आणि समाज असा पेपर आहे, त्यात एका धार्मिक प्रथेवर दीड हजार शब्दांचा निबंध द्यायचाय. मी पंढरीची वारी घेतली. ड्राफ्टवर शेरा आलाय की प्रत्येक पॅऱ्यात क्लेम, एव्हिडन्स, अ‍ॅनालिसिस हवं आणि माझ्यात अ‍ॅनालिसिसच नाहीये. पॅरा मराठीत करून टाकते:

"वारीत सगळे समान असतात. जात, वय, श्रीमंती काही पाहिलं जात नाही. वारकरी एकमेकांना माउली म्हणतात, एकमेकांच्या पाया पडतात. तुकाराम महाराज म्हणतात, 'वर्णअभिमान विसरली याती, एकएकां लोटांगणीं जाती'. यावरून दिसून येतं की वारी ही समतेची परंपरा आहे."

ह्यात काय कमी आहे? आणि हा साचा पाळायलाच पाहिजे का, मला तर त्यात गुदमरायला होतंय.

दिंडीतला_बापू
ताई काही कमी नाही, चांगलं लिहिलंय. शेरा मारणाऱ्याला म्हणावं एकदा आळंदीहून निघ आमच्याबरोबर. आमच्या दिंडीत शेतकरी आहे, बँकेतला साहेब आहे, एक रिटायर्ड फौजदार आहे, सगळे एकाच पंगतीत बसतात आणि कोण कुठल्या जातीचा कोणी विचारत नाही. याला पुरावा कसला मागता? डोळ्यांनी दिसतंय ते.

मधली_सुट्टी
बापू, वारीत समता आहे की नाही हा प्रश्नच तिने विचारलेला नाही :) तिचा प्रश्न पॅऱ्याचा आहे.

चैत्राली, मी पहिल्या वर्षाच्या मुलांचे असले निबंध बरीच वर्षं तपासतोय, त्यामुळे जरा लांबण लावतो. तुझं शेवटचं वाक्य आणि पहिलं वाक्य शेजारी ठेव. दोन्ही एकच आहेत, फक्त शेवटच्याच्या पुढे "यावरून दिसून येतं" लावलंय. शेरा त्याच्यावर आहे. विश्लेषण आहे की नाही हे ओळखायची माझी एक साधी युक्ती आहे, पुराव्याची ओळ हाताने झाकायची आणि खालचं वाक्य वाचायचं. तिथे तुकोबांच्या अभंगाऐवजी लंगरमधला किंवा हजमधला दाखला टाकला तरी तुझं "समतेची परंपरा आहे" जसंच्या तसं चालतंय. म्हणजे ते वाक्य या पुराव्याबद्दल काहीच बोलत नाहीये.

दुसरं म्हणजे अभंग कशाचा पुरावा आहे ते बघ. सतराव्या शतकातल्या एका संतकवीने वाळवंटातल्या कीर्तनाच्या रंगाचं केलेलं वर्णन आहे ते. त्यावरून इतकं नक्की म्हणता येतं की संप्रदायाने स्वतःपुढे हे चित्र ठेवलं, ते आजही गायलं जातं, आणि जात विसरल्याची खूण म्हणून लोटांगण निवडलंय. पण रस्त्यावर, मुक्कामाच्या तंबूत लोक खरोखर कसे वागतात याचा पुरावा अभंग देत नाही. तू अभंग दिलास आदर्शाचा आणि दावा केलास वागण्याचा, मधली उडी कुणाला दिसू नये म्हणून "दिसून येतं".

टिपणवही
सोपं आहे ग. पुरावे वाढव. आमच्या कॉलेजात सांगायचे की एका पॅऱ्यात कमीत कमी तीन कोट पाहिजेत. ज्ञानेश्वर, नामदेव, चोखोबा प्रत्येकाचं एकेक टाक. आणि अ‍ॅनालिसिस म्हणजे शेवटी तुझं स्वतःचं मत, "मला वाटतं" करून दोन ओळी लिही. होऊन जाईल.

मधली_सुट्टी
@टिपणवही पुरावा कमी पडतोय हे बरोबर पकडलंस, पण एकाच प्रकारचे तीन पुरावे टाकले तर वजन वाढत नाही, अभंगाला अभंग जोडले की आदर्शच तीनदा सांगितला जातो. आणि "मला वाटतं" म्हणजे विश्लेषण नव्हे. या पुराव्यावरून हे का निघतं, आणि कुठपर्यंत निघतं, हे उलगडणं म्हणजे विश्लेषण. ते तुझं असतंच, "मला" न लिहिता.

कोरा_कागद
मी उलट बाजूने बोलतो. हा सगळा साचाच मुलांना पोकळ दावे करायला शिकवतो. आधी दावा लिही म्हटलं की पोरगं काय करणार, डोक्यात जे मोठं आणि गुळगुळीत वाक्य आहे ते वर लिहिणार, "वारी समतेची आहे", आणि मग त्याला शोभेल असा अभंग शोधत बसणार. चैत्रालीचा पॅरा साचा न पाळल्यामुळे नाही बिघडलेला, पाळल्यामुळे बिघडलाय! दावा आहे, पुरावा आहे, शेवटी एक वाक्य पण आहे.

इरावती कर्वे स्वतः ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर चालल्या, त्यावर त्यांनी लिहिलं, १९६२ मध्ये ते इंग्रजीतही छापून आलं, तुझ्या लायब्ररीत मिळेल. त्यात कुठे आहे साचा? बाई चालतात, बघतात, बायकांशी बोलतात. दिवसभर एकत्र चालणाऱ्या, एकत्र गाणाऱ्या ब्राह्मण आणि मराठा बायका स्वयंपाक-जेवणाला मात्र वेगळ्या होतात हे त्यांना खुपतं, मग त्या मराठा बायकांबरोबर जेवतात आणि त्यानंतर त्या बायका जवळ येतात, ताई म्हणायला लागतात. आणि मग येतो प्रश्न, की एकत्र गायचं ते फक्त वरच्या जगात एक होण्यासाठी का. आधी बघणं, मग प्रश्न. हे उलटं करून "प्रस्तुत परिच्छेदात मी असे प्रतिपादन करते" म्हटलं की मेलंच सगळं.

मधली_सुट्टी
उदाहरण झकास दिलंस, पण ते माझ्याच बाजूला येतंय. कर्वेंच्या लिखाणात तिन्ही गोष्टी आहेत, फक्त त्या कित्येक पानांवर पसरल्यात आणि त्या मानववंशशास्त्राच्या मुरलेल्या अभ्यासक होत्या, वाचक त्यांच्यामागे चालायला तयार असतो. चैत्रालीकडे पॅऱ्याला दीडशे-दोनशे शब्द आहेत आणि तपासणाऱ्यापुढे गठ्ठा.

लिहिण्याचा क्रम आणि विचाराचा क्रम वेगळा ठेवला की तुझी तक्रार बरीचशी मिटते. विचार करताना पुराव्यापासून सुरू कर, दावा शेवटी सुचू दे, आणि सुचला की उचलून पॅऱ्याच्या डोक्यावर ठेव. आता करून बघू. पुढ्यात दोन गोष्टी आहेत, अभंगातलं लोटांगण आणि कर्वेंनी पाहिलेली वेगळी जेवणं. पाया पडताना भेद गळतो आणि ताटाशी येऊन थांबतो, असं का? कारण सोवळंओवळं, रोटीव्यवहार, जात पाळायची मुख्य जागा तीच होती. नमस्कार क्षणाचा असतो, तो करून माणूस आपल्या ठिकाणी परत येऊ शकतो. कुणाच्या हातचं जेवलं की घरी जाब द्यावा लागायचा. हे "कारण" आलं ना, तिथे विश्लेषण सुरू झालं. आणि आता दावा आपोआप बारीक होतो: सगळी समता नाही, कोणत्या कृतीत समता आणि कोणत्या कृतीत नाही.

दिंडीतला_बापू
म्हणजे शेवटी वारीत जातिभेद आहे असंच लिहायचं ठरलं तर. इतक्या जुन्या काळच्या एका बाईंनी एका दिंडीत बघितलं ते खरं आणि मी दरसाल चालतोय ते खोटं? हे बरंय.

चैत्राली_सध्या_इंग्लंड
बापूकाका खोटं कोणीच म्हणत नाहीये. उलट मला विचारायचंच होतं, तुमची पंगत मी पुरावा म्हणून घेऊ शकते का? कारण मला हे "भेद ताटाशी थांबतो" पण आजच्या वारीबद्दल लिहायला नको वाटतंय. माझी आजी जायची, ती कधी असं काही बोलली नाही.

मधली_सुट्टी
बापूंचा मुद्दा रागात आला पण तो पॅऱ्यात जायलाच हवा. एक निरीक्षक, एक दिंडी, विसाव्या शतकाचा मध्य, ही कर्वेंच्या पुराव्याची कुंपणं आहेत. ती लिहिलीस की दावा कमजोर होत नाही, तपासणाऱ्याला कळतं की तुला पुराव्याचं माप माहिती आहे. एक शब्द सांभाळ, "पाहिलं जात नाही" असला सदासर्वकाळचा वर्तमानकाळ टाळ, "कर्वेंनी पाहिलेल्या दिंडीत" असं लिही.

बापूंची पंगत हा पण पुरावाच, पण मंचावर वाचलेलं वाक्य उचलून टाकू नकोस. मुलाखत म्हणून घ्यायची तर आधी शिक्षकांना विचार, बऱ्याच ठिकाणी माणसांकडून माहिती घ्यायच्या आधी परवानगी लागते. आजीचंही तेच. शिवाय आजी बोलली नाही याचा अर्थ नव्हतं असा होत नाही, तिला ते नवलाचं वाटलं नसेल असंही होऊ शकतं.

कोरा_कागद
"पुराव्याचं माप" वगैरे ठीक. पण माझी एक अडचण राहतेच. श्रद्धेचं काय? वारकरी का चालतो विचारलं तर तो म्हणेल विठ्ठल बोलावतो. हे तुमच्या तीन खणांत कुठल्या खणात घालणार?

मधली_सुट्टी
पुराव्याच्या. "विठ्ठल बोलावतो" हा तुझा दावा होऊ शकत नाही, कारण तो खरा की खोटा हे या पेपरात ठरत नाही. "चालण्याचा निर्णय आपला नव्हे असं वारकरी मानतात" हे मात्र दाखवता येतं, आणि त्यावर बोलता येतं, की असं मानल्याने न गेलेल्याला दोष लागत नाही, किंवा गेलेल्याला मोठेपणा घेता येत नाही. पहिल्या वर्षाला घरातल्या प्रथेवर लिहिणाऱ्यांची गाडी इथेच घसरते, एक तर भक्त म्हणून लिहितात नाहीतर घाबरून थट्टेच्या सुरात.

चैत्राली_सध्या_इंग्लंड
हे बघा, परत लिहिलं:

"वारीतली समता सगळ्या व्यवहारांना सारखी लागू होत नाही, शरीराने नमस्कार करण्यात ती जितकी सहज येते तितकी एकत्र जेवण्यात येतेच असं नाही. तुकारामांच्या अभंगात जात विसरल्याची खूण म्हणून एकमेकांना घातलेलं लोटांगण येतं. इरावती कर्वेंनी विसाव्या शतकाच्या मध्यात पाहिलेल्या दिंडीत मात्र दिवसभर एकत्र गाणाऱ्या ब्राह्मण आणि मराठा बायका वेगळ्या जेवत होत्या. नमस्कार तिथल्या तिथे संपतो, पण कुणाबरोबर जेवलो हे गावी परतल्यावरही मोजलं जाई, म्हणून आदर्श स्वीकारूनही ताट वेगळं ठेवता येत होतं. एका दिंडीवरून सगळ्या वारीबद्दल बोलता येणार नाही, पण समता 'आहे' की 'नाही' यापेक्षा ती कुठल्या कृतीत आहे हे विचारणं जास्त उपयोगाचं ठरतं."

आणि साने गुरुजींचं उपोषण? मे १९४७ मध्ये त्यांनी विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून पंढरपुरात उपोषण केलं तेव्हा दार उघडलं. चोखोबांची समाधी पण महाद्वाराबाहेरच आहे. हे ह्याच पॅऱ्यात बसवू का?

टिपणवही
बसव की, तीन पुरावे होतात :D

मधली_सुट्टी
नको. हा पॅरा बरोबरीने चालणाऱ्यांमधल्या जेवणाचा आहे, मंदिराचं दार हा वेगळा दावा आहे: वाट खुली पण गाभाऱ्याचा रस्ता बंद. तिथे कोण कुणाला अडवत होतं तेही वेगळं, बडवे, ट्रस्टी, कायदा सगळं येतं. वेगळा पॅरा कर. आणि "गावी परतल्यावरही मोजलं जाई" याला आधार लागेल, रोटीव्यवहारावरचा एखादा संदर्भ जोड, मी वर लिहिलं म्हणून ते पुरावा होत नाही.

कोरा_कागद
मला नाही पटत. १९४७ बाहेर काढलंस की या पॅऱ्यात ब्राह्मण आणि मराठा एवढेच राहतात, आणि ज्यांना देवळातच येऊ देत नव्हते ते निबंधाच्या पुढच्या पानावर ढकलले जातात. एक पॅरा एक दावा हा नियम इथे नुसता मांडणीचा राहत नाही. चोखोबाला त्याच पॅऱ्यात आण, भले दोनशेचे तीनशे शब्द होऊ देत.

चैत्राली_सध्या_इंग्लंड
तीनशे परवडत नाहीत, एकूण दीड हजारच आहेत. पण कोरा_कागदचा मुद्दा डोक्यातून जात नाहीये. कदाचित मंदिराचा पॅरा आधी घेईन आणि जेवणाचा नंतर. मंगळवारी ट्यूटरला दोन्ही क्रम दाखवते.

दिंडीतला_बापू
मुलाखत पाहिजे असली तर सांग. पण आमच्या पंगतीचं लिहिणार असशील तरच.