अनुभव धागा: एचआरएसाठी भाड्याचे बँकेचे पुरावे तुम्ही कसे ठेवता?

सातपूरचा_भाडेकरू

मार्च आला की आमच्या एचआरचा मेल येतो, भाड्याचे प्रूफ अपलोड करा, आणि मग सगळ्यांची पळापळ. मागच्या वर्षी माझी फजिती झाली ती सांगतो, तुम्हीही आपापले किस्से टाका.

पाथर्डी फाट्याला टू बीएचके, भाडं १२,०००. करार घरमालक काकांच्या नावाने, पॅनही त्यांचं दिलेलं. पण काका स्मार्टफोन वापरत नाहीत, म्हणून पहिल्या दिवसापासून मी त्यांच्या मुलाच्या नंबरवर यूपीआय करत होतो. वर गणपतीत आणि दिवाळीत काका स्वतः घरी आले होते, म्हणाले आत्ता कॅश दे, म्हणून ते दोन महिने रोख दिले. मी बारा स्क्रीनशॉट जोडायला बसलो तर दहाच निघाले आणि त्यातला एक मोबाईल रिचार्जचा होता!

पेरोलवाल्यांनी सगळं परत पाठवलं. म्हणे पैसे घेणाऱ्याचं नाव आणि करारातलं नाव वेगळं आहे, आणि स्क्रीनशॉट चालत नाही, बँकेचं स्टेटमेंट द्या. मग काकांकडून साध्या कागदावर लिहून घेतलं की सदर भाडं मी सांगितल्यावरून माझ्या मुलाच्या खात्यात जमा होतं आणि ते माझंच उत्पन्न आहे, खाली सही, पत्ता, पॅन, सोबत पॅनची झेरॉक्स. स्टेटमेंटची पीडीएफ काढून दहा ओळी पिवळ्या केल्या, रिचार्जवाल्या महिन्याची नोंदही त्यातच सापडली. दहा महिने पास झाले, रोखीचे दोन गेले.

किती गेलं तेही मांडतो. बेसिक अधिक डीए ३०,०००, एचआरए १२,०००. भाड्यातून पगाराचे दहा टक्के म्हणजे ३,००० वजा केले की उरतात ९,०००. नाशिकला पगाराच्या चाळीस टक्क्यांची मर्यादा, ती १२,०००. सगळ्यात कमी ९,०००, तेवढी महिन्याला सूट. दोन महिन्यांची १८,००० उडाली, मी वीस टक्क्यांत, सेस धरून ३,७४४ रुपये जास्त कापले.

गंगापूररोड_ताई

माझं वेगळंच. बारा पावत्या, करार, स्टेटमेंट, सगळं फाईल करून नेलं तर पेरोलचा मुलगा म्हणाला मॅडम तुम्ही तर न्यू रिजीममध्ये आहात, यात एचआरएची सूट नाहीच. एप्रिलमध्ये डिक्लेरेशन भरलंच नव्हतं त्यामुळे आपोआप नवीन लागलेलं. 😅 घरमालकीणबाईंना उगाच दोन वेळा सहीसाठी खाली बोलावलं.

जुना_पेरोलवाला

ताई, पगारदार माणसाला रिटर्न भरताना जुनी पद्धत निवडता येते, पण रिटर्न मुदतीत भरलं पाहिजे. आणि कशात कर कमी बसतो ते आधी ताडून बघा, नुसत्या एचआरएपायी जुनं घेऊ नका.

सातपूरकर, तुमचे दोन महिनेही कायमचे गेले असं नाही. रोखीने भाडं देऊ नये असा एचआरएचा नियम नाही, कंपनी मागते ते तिच्या खात्रीसाठी, कारण टीडीएस कमी कापला तर उद्या तिला उत्तर द्यावं लागतं. काकांनी त्या दोन महिन्यांच्या सही केलेल्या पावत्या दिल्या आणि त्याच दिवसांत एटीएममधून तेवढी रक्कम काढल्याचं स्टेटमेंटमध्ये दिसत असेल तर रिटर्नमध्ये सूट स्वतः घ्या. फक्त फॉर्म १६ मधल्या आकड्याशी जुळणार नाही, त्यामुळे विचारणा आली तर दाखवायला कागद हाताशी हवेत.

घरमालकाचं म्हणाल तर फॉर्म १२बीबी मध्ये नाव, पत्ता, भाड्याची रक्कम आणि पॅन, एवढंच असतं. पण ते नाव करारातलं, पॅनवरचं आणि खात्यातलं एकसारखं लागतं. बहुतेक फाईली मी तिथेच परत केल्यात. करारात आजोबा, पॅन वडिलांचं, पैसे सुनेला! पॅनवरचं स्पेलिंग थोडं इकडेतिकडे असेल तर चालवून घेतो, पण माणूसच दुसरा असेल तर नाही.

सिडको_बॉय

पॅनचं सोपं आहे, भाडं महिन्याला ८,३३३ च्या वर गेलं की पॅन लागतं, खाली असेल तर नाही. मी मुद्दाम ८,३०० चा करार केलाय.

जुना_पेरोलवाला

जवळपास बरोबर, पण मर्यादा वर्षाची आहे, एक लाखाची. तुम्ही जूनमध्ये राहायला आलात आणि ९,००० देताय तर मार्चपर्यंत ९०,००० च होतात, पॅन लागत नाही. उलट ८,००० देत होता आणि मधेच घर बदलून ११,००० वर गेलात तर वर्षात लाख ओलांडू शकतो. आणि खरं भाडं जास्त असून करारात ८,३०० लिहिलं असेल तर स्टेटमेंटच तुमच्या विरोधात जाईल, सांभाळा.

पंचवटी_नाना

आमच्याकडे भाडेकरू आहेत. ते एक वर्षाचं डिपॉझिटसुद्धा भाड्यात दाखवा म्हणून मागे लागलेत, आणि पोलीस व्हेरिफिकेशनचा फॉर्मही माझ्याकडूनच हवाय. डिपॉझिटची पावती दिली तर मला टॅक्स लागेल का?

गंगापूररोड_ताई

नाना, डिपॉझिट परत द्यायचं असतं, ते भाडं नव्हेच, भाड्याच्या पावतीत धरू नका. पोलीस व्हेरिफिकेशनचा धागा वेगळा आहे हो 🙏

अंबड_नाईटशिफ्ट

आमचे घरमालक पॅनच देत नाहीत. म्हणतात पॅन दिलं की इन्कम टॅक्सवाले दारात. मी म्हटलं काका, महिन्याला १४,००० तुमच्या खात्यात येतच आहेत की, लपलंय कुठे? तर म्हणाले मग पुढच्या महिन्यापासून भाडं १५,५००. आता सूट घेऊन जे वाचणार तेच त्यांना द्यायचं का?

सातपूरचा_भाडेकरू

हाच तर सगळा घोळ. माझ्या काकांनी निमूट दिलं, मी नशीबवान. पण घर घेतानाच पॅनचं बोलून घ्यावं, डिपॉझिट देऊन सामान चढवल्यावर कोण ऐकतं आपलं.

जुना_पेरोलवाला

पॅन नसलेच तर घरमालक तसं लिहून देतात, नाव-पत्त्यासकट, आणि कंपनी ते घेते. पण पॅन असून न देणं वेगळं, तिथे खोटं लिहून देऊ नका. अंबडकर, तुमची वजाबाकी करून बघा, १,५०० वाढ वर्षाला १८,००० होते.

इंदिरानगर_३०४

आम्ही तिघं एका फ्लॅटमध्ये, भाडं १८,०००, करार तिघांच्या नावावर पण घरमालकाला पैसे माझ्याच खात्यातून जातात, बाकीचे दोघं मला ६,००० पाठवतात. माझं पास झालं, मी ६,००० चीच पावती लावली. दुसऱ्याच्या कंपनीने त्याने मला पाठवलेले ट्रान्सफर आणि घरमालकाची त्याच्या नावाची पावती घेऊन पास केलं. तिसऱ्याच्या कंपनीने सरळ नाही म्हटलं, पैसे घरमालकालाच गेलेले दिसले पाहिजेत. आता या महिन्यापासून तिघं वेगवेगळं पाठवतो, रिमार्कमध्ये फ्लॅट नंबर आणि महिना. घरमालक वैतागलेत, म्हणतात तीन मेसेज येतात, कोणाचं आलं कळत नाही.

सिडको_बॉय

मग मागच्या महिन्यांचं काय, तिसऱ्याचं?

इंदिरानगर_३०४

तेच विचारायला आलोय. घरमालकाने तिघांच्या नावाच्या वेगळ्या पावत्या दिल्यात, माझं स्टेटमेंटही त्याला दिलं, त्यात १८,००० गेलेले दिसतात आणि त्याचे ६,००० आलेले दिसतात. त्याचा पेरोल उद्या बंद होतोय, कोणाच्या कंपनीने असं मान्य केलंय का?